डेमोला कोण कोण बसणार

आजवर नोकरीत मी शेकड्यांनी मेल लिहिले. मन लावून लिहिला तो एकच, आणि त्यानंच अक्कांच्या पोटावर पाय आणला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याची मी चांगली खरडपट्टी काढली असती. तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या कारखान्यात माझी ख्याती आहे. पण स्वतःची किती काढणार?

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी खरेदी बघते. रंगापासून यंत्राच्या पट्ट्यापर्यंत जे बाहेरून येतं ते माझ्या टेबलावरून येतं. अक्का चेकिंगच्या प्रमुख होत्या. लूमवरून उतरलेला कापडाचा लांबच लांब ताका दिव्याच्या टेबलावरून सरकत जातो, त्यात टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांतला एखादा ओढलेला लूप, तेलाचा डाग, तुटलेला धागा शोधायचा, असं ते काम. आठ बायका होत्या, आणि त्यांच्यावर अक्का. दोष दिसला की त्या तिथं रंगीत दोरा बांधायच्या. लूपला लाल, डागाला पिवळा, धाग्याला निळा. ही पद्धत त्यांचीच, कुठल्या पुस्तकात नव्हती. घरी तेलुगू, शहराच्या पूर्व भागातलं विणकरांचं घर, त्यामुळं कापड त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं. मी करकंबहून नवी नवी आले तेव्हा मला टॉवेल आणि चादर याच्यापलीकडं काही कळत नव्हतं. डबा खाताना त्यांनी मला कापड शिकवलं. "नुस्तं बघू नगंस पोरी, हात फिरव," म्हणायच्या.

एके दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "पुण्याची एक कंपनी आहे, कॅमेऱ्यानं कापड तपासणारं मशिन बनवते. त्यांच्या सेल्सला मेल टाक, डेमो मागव." मी म्हटलं, "आपल्या बायका काय वाईट बघतात?" तर म्हणाले, "चारनंतर डोळे थकतात गं त्यांचे. कॅमेऱ्याचे थकत नाहीत. मशिन जमलं तर आठातल्या दोन ठेवू, कॉम्प्युटर येणाऱ्या. बाकीच्यांचं बघू." अक्कांचं काय, हे मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांनी खूप केलं आपल्यासाठी." माणूस जिवंत असताना असं बोलायला लागले की समजून जावं.

माझं डोकं फिरलं. टेबलाशी येऊन बसले आणि ठरवलं, असा डेमो मागते की मशिनची फजितीच झाली पाहिजे. सेल्सवाल्यांचं मला पाठ आहे. यायचं, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायची, स्वतःच आणलेल्या गुळगुळीत कापडावर मशिन फिरवायचं, चहा पिऊन जायचं. मालक भुलणार आणि सही करणार. ते मी होऊ देणार नव्हते.

मेल इंग्रजीत होता, मजकूर असा. आम्हाला डेमो आमच्याच कारखान्यात, आमच्याच चेकिंग टेबलावर हवा. चित्रं नकोत. बसणारी माणसं पाच: मालक, जे निर्णय घेतील, उत्पादनाचे मॅनेजर, जे ताक्याचा वेग ठरवतात, इलेक्ट्रिशियन, कारण वीज कमीजास्त झाली तर काय होतं ते त्याला बघायचंय, मी, आणि आमच्या चेकिंग प्रमुख, तीस वर्षांचा अनुभव, ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. आम्हाला बघायचंय ते हे: गडद हिरव्या टॉवेलवर एकच ओढलेला लूप सापडतो का. काळ्यावर तेलाचा डाग दिसतो का. काठाच्या नक्षीत तुटलेला धागा कळतो का, की मशिन सगळी नक्षीच दोष म्हणून दाखवतं. आणि शेवटी एकच ताका आधी मशिननं तपासावा, मग आमच्या प्रमुखांनी, आणि दोघांचे दोष सगळ्यांसमोर मोजावेत.

हे दोष मला कुठले ठाऊक! अक्कांनाच विचारले होते. "अक्का, सगळ्यात अवघड काय शोधायला?" त्या खुशीत येऊन सांगत गेल्या, मी लिहीत गेले. कशासाठी, हे सांगितलं नाही. पुण्याहून पाहुणे येणारेत, तुम्हाला बसायचंय, एवढंच सांगितलं. सांगितलं असतं तर घाबरल्या असत्या, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. गृहस्थ भलताच नम्र. एवढी स्पष्ट मागणी क्वचित येते, धन्यवाद. कापडाची रुंदी किती, मिनिटाला किती मीटर, टेबलं किती, पाळ्या किती, ते कळवा. आणि तुमच्याच कापडावर दाखवायचं तर मशिनला आधी तुमचे दोष शिकवावे लागतील, म्हणून प्रत्येक दोषाचे चाळीस-पन्नास नमुने आणि सोबत तेवढेच निर्दोष तुकडे दोन आठवडे आधी पाठवा. दोष नेमका कुठं आहे त्याची खूण हवी.

तिथंच मला कळायला हवं होतं. पण डोक्यात फक्त फजिती होती. मी नमुने मागितले आणि अक्कांनी काय जमवले म्हणून सांगू! जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या रद्द मालाच्या ढिगात बसायच्या. एकेक तुकडा निवडून त्यावर दोरा बांधायचा, लाल, पिवळा, निळा. "ह्यो बघ, ह्यो लई फसवा हाय. नव्या पोरींस्नी दिसत न्हाई." दहा दिवसांत दोन खोकी भरली. मी स्वतः चिकटपट्टी लावून कुरिअरला दिली. तीस वर्षांची नजर खोक्यात घालून पाठवली आणि पावती फाईलला लावली.

डेमोच्या दिवशी अक्का ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. केसात अबोली. मी म्हटलं, "काय अक्का, लग्न हाय की काय?" तर लाजल्या.

ते दोघे आले, एक बोलणारा, एक हात काळे करणारा. आमच्याच टेबलावर त्यांनी आडवी दांडी बसवली, तिच्यावर दोन कॅमेरे आणि एक लांब दिवा, बाजूला लॅपटॉप. एकही चित्र दाखवलं नाही. मेलची प्रिंट समोर ठेवून बोलणारा म्हणाला, "मॅडमनी जे लिहिलंय, त्याच क्रमानं जाऊ."

हिरवा ताका सुरू झाला. पडद्यावर एक लाल चौकोन उमटला, टेबल थांबलं. बघितलं तर ओढलेला लूप, तांदळाच्या कणीएवढा. काळ्यावर डाग सापडला. काठाच्या नक्षीतला धागा सापडला, आणि बाकी नक्षीला त्यानं हात लावला नाही. इलेक्ट्रिशियननं दिव्यांचं बटण बंद-चालू करून बघितलं, तरी फरक पडला नाही. मी मागितलेलं सगळं ते मला दाखवत होते.

मग शेवटचा ताका. मशिननं अकरा दोष दाखवले. तोच ताका उलटा गुंडाळून अक्कांच्या टेबलावर घेतला. अक्कांनी पदर खोचला आणि डोळे किंचित मिटून हात फिरवत सुरुवात केली. सगळे बघत उभे. अकराच्या अकरा ठिकाणी त्यांनी दोरा बांधला. आणि मग एका जागी हात थांबला. मागे गेला, पुढे आला. "हितं बारावा हाय," म्हणाल्या.

कुणाला काही दिसेना. कॅमेऱ्याखाली पुन्हा धरलं, चौकोन येईना. अक्का म्हणाल्या, "दिसत न्हाई ते. हात लावा. डाव्या अंगाला लूप केसभर आखूड हाय. सैल सुटलाय ताण." मॅनेजरनी हात लावला आणि मान डोलावली. खरंच होतं.

मला तर ओरडावंसं वाटलं. मारलं की नाही मैदान! मी मालकांकडं बघितलं. मालक अक्कांना म्हणाले, "वा अक्का! पण एक सांगा, असा टॉवेल गिऱ्हाइकानं कधी परत पाठवलाय?"

मी मनात म्हटलं, म्हणा ना अक्का, पाठवलाय म्हणा, खोटं बोला एकदा!

अक्कांनी विचार केला. "न्हाई मालक. आजपातूर कधीच न्हाई. त्यास्नी कळतच न्हाई ते. आपल्याला कळतंय म्हणून आपण काढायचं."

मालक हसले. बोलणारा वहीत लिहीत म्हणाला, "हा मुद्दा यादीत नव्हता मॅडम. पण नुसत्या नजरेनं नाही दिसला तरी दिवा तिरका लावून जमेल. ताईंनी याचेही नमुने दिले तर शिकवू मशिनला." अक्का लगेच, "देते की! कितीबी देते." मी खाली मान घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मशिन तीन महिन्यांनी आलं. पुण्याहून मला मेल आला की तुमचं मागणीपत्र आम्ही इतर ग्राहकांना नमुना म्हणून देऊ का, कारण इतकं नेमकं आम्हाला कुणी लिहून देत नाही. मालक खूश, म्हणाले हो कळव. मी कळवलं. नोकरी आहे.

दोन पोरी राहिल्या. बाकीच्यांना एकेक करून सांगितलं. अक्कांसाठी कँटीनमध्ये शाल-श्रीफळ केलं, मालक चार शब्द चांगले बोलले. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले. आतल्या आत जळत होते, राहवेना. सांगून टाकलं. "अक्का, मला आधीच ठाऊक होतं. मशिन जमलं तर तुम्हाला काढणार, हे मालक मला बोलले होते. म्हणून मी तुम्हाला बसवलं. मला वाटलं, तुमच्यापुढं त्याचं काही चालणार नाही."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या नारळ या हातातून त्या हातात घेत उभ्या राहिल्या.

"व्हय?" म्हणाल्या. "मला वाटलं, पुण्याची मान्सं माझं काम बघाया येत्यात. तीस वर्सात कोण आलं न्हवतं गं."