चौथ्या लेनचे तेवीस मीटर

दादरच्या मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक मीच चुन्याने आखला होता, आणि चौथ्या, सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये, सगळ्यांच्या पुढे, माझीच मुलगी उभी होती.

"सर, पोरीला तेवीस मीटर फुकट?" एक पालक ओरडले.

मी मनात हिशोब पुन्हा मांडला. लेन १.२२ मीटर रुंद. दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ, म्हणून दर लेनला २ × ३.१४ × १.२२, म्हणजे ७.६६ मीटर जास्त पळावं लागतं. तीन लेन बाहेर, म्हणजे २२.९८; तेवढंच पुढे उभं करायचं. फुकट कसलं, डोंबल! पण खूण करताना माझा हात पुढे तर सरकला नव्हता?

मुलगी एका पावलाने जिंकली. मी टेप घेऊन तिच्या सुरुवातीच्या खुणेकडे धावलो. दुसरं टोक धरायला तीच आली, धापा टाकत.

"पप्पा, जास्त भरलं तर सांगाल ना?"