तोंडी सांगितल्याप्रमाणे

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझे वडील, आबा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी एकटेच अमेरिकेला माझ्या भावाकडे निघाले होते. गुडघे कामातून गेलेले, इंग्रजीचा गंध नाही आणि वाटेत जर्मनीत विमान बदलायचं.

मुंबईच्या तिकीट एजंटला मी फोन केला. तो म्हणाला, "व्हीलचेअर सांगून ठेवलीय मॅडम. विमान बदलताना आमचा माणूस सोबत असेल. काळजी सोडा." असली गोडबोली माणसं मी चांगली ओळखते.

आबा धुळ्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. साहेबांनी तोंडी हुकूम दिला, की आबा 'आज तोंडी सांगितल्याप्रमाणे' असं टिपण लिहून सहीला ठेवायचे. साहेब धुसफुसत, पण सही करत.

"त्याले लिखी दे," एजंटचं बोलणं ऐकून आबा म्हणाले. "बठ्ठं. येळ बी टाक." म्हणजे सगळं, वेळेसकट.

आमच्या मेहरूण भागातून रिक्षा करून मी गावातल्या सायबर कॅफेत गेले. एजंटला ईमेल लिहिला, त्याची छापील प्रत घरी आणून आबांना मराठीत सांगितली: आपण मदत केलीत, आभारी आहे.

"हाई पत्र शे का आहेर?" आबांनी विचारलं. खरंच, त्यात काय ठरलं ते नव्हतं आणि वेळही नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत गेले. लिहिलं: काल दुपारी चार वाजता आपण फोनवर सांगितलंत, की व्हीलचेअर आणि विमान बदलताना सोबत, दोन्हींची नोंद तिकिटावर केली आहे. चूक असल्यास दुरुस्त करा, बरोबर असल्यास तसं कळवा. संध्याकाळी पुन्हा कॅफेत जाऊन पाहिलं, तर एका ओळीचं उत्तर आलं होतं: होय, दोन्ही केलं आहे. माझा मेल आणि त्याचं उत्तर, तारीख-वेळेसकट, छापून घेतलं.

मुंबई विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अशी काही नोंदच नाही." मी कागद पुढे केला. तिच्या साहेबांनी एजंटला फोन लावला. तो म्हणे, मी असं बोललोच नव्हतो. साहेबांनी त्याला त्याचीच ओळ वाचून दाखवली. मग तो नरमला, राहून गेलं म्हणाला. साहेबांनी तिथेच नोंद करून जर्मनीला निरोप धाडला आणि खुर्ची आली.

आबा खुर्चीत बसले, इतके लहान दिसले की मला रडू फुटलं. त्यांनी तो कागद उलटा करून माझ्यापुढे धरला.

"सहा महिनामा माले लेवाले येशी ना?" तेही घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं.

"येईन ना आबा, इथेच न्यायला."

"मंग हाई बी लिखी दे."

मी लिहिलं. खाली सही केली, वेळ टाकली.