खऱ्या मॅडम कोणत्या

पोलीस भरतीचं गणित शिकवणारी बाई म्हणून बुद्धप्रियाला सोलापुरात बरीच पोरं ओळखायची. बुधवार पेठेतल्या वडलांच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, तिनं शिकवणी सुरू केली तेव्हा चारच मुली यायच्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की मुली ओढण्या ओल्या करून डोक्यावर घ्यायच्या आणि तरी शेकडेवारी सोडवायच्या. मग लॉकडाउन लागलं. वर्ग बंद पडला, म्हणून तिनं मोबाईल एका स्टुलावर उभा केला आणि फळ्यासमोर उभी राहून छोटे छोटे व्हिडिओ टाकायला लागली. पाढ्यांऐवजी युक्त्या, सूत्रांऐवजी बाजारातली उदाहरणं. मंगळवेढ्यापासून माळशिरसपर्यंतची पोरं तिचं पेज बघायला लागली. भरतीत लागलेली मुलं वर्दीतले फोटो पाठवायची, ती ते पेजवर टाकायची. खाली लोक लिहायचे, "मॅडम, तुमच्यामुळं."

वडील दिपकराव महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना त्या पेजचं भारी कौतुक. चहाच्या टपरीवर बसले की म्हणायचे, "आमच्या बुद्धप्रियाची शाळा ह्या मोबाईलमधी हाय बगा. फी न्हाय, घंटा न्हाय."

लॉकडाउननंतर वर्ग पुन्हा भरायला लागला होता. एका दुपारी तो सुटल्यावर तिला अंकिताचा मेसेज आला. अंकिता तिची बी. एड.ची मैत्रीण, मोडनिंबला शाळेत शिकवणारी. "एका स्पर्धेत उभी आहे गं, मला मत दे. तुझ्या मोबाईलवर एक नंबर येईल, तो फक्त मला पाठव." नंबर आला, बुद्धप्रियानं पाठवला आणि फळा पुसायला घेतला. तो नंबर मतदानाचा नव्हता, तिच्याच पेजचा पासवर्ड बदलायचा होता. आणि मागणारी अंकिताही नव्हती. तिचं खातं आधीच कुणीतरी ह्याच रीतीनं पळवलेलं होतं.

फळा पुसून झाला, तोवर बुद्धप्रिया तिच्या पेजच्या बाहेर फेकली गेली होती. आत जायला गेली तर पासवर्ड चालेना. ईमेल बदललेला, नंबर बदललेला. वर चोरानं दुहेरी कुलूप घातलेलं. पासवर्डशिवाय लागणारा दुसरा नंबर आता चोराच्याच फोनवर यायचा.

संध्याकाळी वर्गातल्या उत्कर्षानं फोन केला. "मॅडम, तुम्ही हे काय टाकलंय?"

उत्कर्षा घरी आली, तिच्या मोबाईलवर बुद्धप्रियानं आपलं पेज बघितलं. नाव तेच, फोटो तोच, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला काढलेला, पांढऱ्या साडीतला. आणि त्याखाली लिहिलेलं, एका परदेशी क्रिप्टो कंपनीच्या वाढदिवसानिमित्त भेट योजना आहे, ह्या डिजिटल पाकिटाच्या पत्त्यावर कॉइन पाठवा, काही मिनिटांत दुप्पट परत मिळतील. पुढं एक चित्र होतं, तिच्या नावानं दुप्पट कॉइन जमा झाल्याचं. एका नव्या गाडीचाही फोटो होता. "माझ्या विद्यार्थ्यांनी पण फायदा घ्यावा ही इच्छा," असं शेवटी होतं, हात जोडलेल्या खुणेसकट.

"ही मी नाही," ती म्हणाली. आपणच आपल्या फोटोकडे बघून असं म्हणायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

तिनं ज्या ॲपवर पेज होतं, त्या कंपनीकडे तक्रार केली. त्यांनी चेहरा वळवून दाखवायचा व्हिडिओ मागितला, तो तिनं दिला. उत्तर आलं, खात्री पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. मुलांनी त्या पोस्टची तक्रार केली, त्यांनाही यंत्राचं उत्तर आलं, नियमांत बसतं. कुठं फोन लावावा, कुणापुढं उभं राहावं, असं माणूसच नव्हतं. दिपकराव तावातावानं म्हणाले, "हापीस कुटं हाय त्येंचं? मी जातो की." बुद्धप्रिया त्यांना कुठं म्हणून सांगणार?

मग तिनं डोकं चालवलं आणि नवं पेज उघडलं. स्वतःचा व्हिडिओ घेतला, स्वतःच्या आवाजात सांगितलं, "जुनं पेज चोरीला गेलंय. मी कधीच कॉइन मागितलेले नाहीत. कुणीही काही पाठवू नका." ओळखीच्या प्रत्येकाला पाठवलं. दोन-चार तास जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या पेजवर नवी पोस्ट आली. "सावधान. माझ्या नावाने कोणीतरी बनावट खाते उघडले आहे. माझा जुना व्हिडिओ कापून फसवणूक चालू आहे. सर्वांनी ते खाते रिपोर्ट करावे." पोरांनी मॅडमचं ऐकलं. भराभर तक्रारी गेल्या. संध्याकाळपर्यंत बुद्धप्रियाचं नवं, खरं पेज बंद झालं. कारण दिलं होतं, दुसऱ्याच्या नावानं उघडलेलं खातं.

त्या दिवशी ती जेवली नाही. आई भीमाबाई ताट झाकून ठेवत म्हणाली, "आगं, तू हितं बसलीयास की माज्या म्होरं. मग त्येंला कळंना कसं?"

अजिंक्य आला तो त्या आठवड्याच्या शेवटी. मंगळवेढ्याकडचा, तिचा जुना विद्यार्थी. उंचीत एका बोटानं भरती हुकली होती. त्यानंतर तो घरीच बसून परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ जोडून द्यायचा. तिकडचे लोक मेहनताना डॉलरच्या भावानं चालणाऱ्या कॉइनमध्ये द्यायचे, म्हणून त्याच्या मोबाईलमधल्या पाकिटात ती कमाई साठलेली असायची. त्यातून त्याला बहिणीला नर्सिंगला घालायचं होतं. तो एसटीनं आला, चप्पल दाराशी काढली आणि "जय भीम मॅडम" म्हणून उंबऱ्यातच उभा राहिला.

"ये की आत," ती म्हणाली.

"मॅडम, माजे कॉइन कवा येत्याल?"

"अजिंक्य, ते पेज माझं नाही रे. चोरीला गेलंय."

"पर मी तुमाला इचारलं की," तो म्हणाला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आल्यासारखा बोलत होता. "आंधळेपणानं न्हाय पाटवलं. आदी मेसेज केला. तुमी व्हय म्हणलात."

त्यानं मोबाईल पुढं केला. त्यानं विचारलं होतं, "मॅडम हे खरं हाय का? माजी सगळी कमाई हाय." खाली तिच्या फोटोशेजारी उत्तर होतं, "होय अजिंक्य. मी वैयक्तिकरीत्या प्राप्त केले आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू शकता."

"मी तुला कधी 'तुम्ही' म्हटलंय का रे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

अजिंक्य खाली बघत राहिला. "खटकलं हुतं. म्हणलं मॅडम आता मोठ्या झाल्या, शुद्ध लिवत असत्याल."

त्यानं पहिल्यांदा निम्मे पाठवले होते. काही आलं नाही. विचारल्यावर उत्तर आलं, दुप्पट रक्कम तयार आहे, फक्त तुमचा पत्ता खरा आहे हे सिद्ध करायला तेवढेच पुन्हा पाठवावे लागतील. गेलेले सोडवायला त्यानं राहिलेलेही पाठवले. त्यानंतर काल सकाळी त्या पेजनं त्याला ब्लॉक केलं. म्हणून तो स्वतः आला होता. पेजनं ब्लॉक केलं तरी मॅडमचं घर त्याला माहीत होतं.

तिनं त्याला सगळं सांगितलं, नंबर पाठवल्यापासून. भीमाबाईनं आणलेला चहा निवून गेला.

दोघं मिळून सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या फौजदारबाई शांत होत्या, नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली, अजिंक्यला व्यवहाराचा क्रमांक काढायला लावला आणि संगणकावर त्या व्यवहाराच्या नोंदीचं पान उघडलं. ते पान कुणालाही बघता येतं, त्या म्हणाल्या. अजिंक्यच्या पाकिटातून कॉइन निघालेले दिसत होते, चोराच्या पत्त्यावर पोचलेले दिसत होते, आणि तिथून इतरांच्या कॉइनबरोबर आणखी कुठं कुठं गेलेले.

"मंग धरा की त्येला," अजिंक्य म्हणाला. "दिसतंय तर."

"पत्ता दिसतोय, माणूस नाही दिसत," बाई म्हणाल्या. "बँकेतनं गेले असते तर लगेच कळवून मधे अडवायचा प्रयत्न तरी केला असता. हे एकदा गेलं की परत फिरवता येत नाही, पाठवणाऱ्यालासुद्धा नाही. हे कॉइन एखाद्या नोंदणी असलेल्या बाजारात विकायला आणले, तर विकणारा कोण, हे आम्ही त्या बाजाराला लिहून विचारू शकतो. आम्ही लिहितो. पण खोटी आशा लावणार नाही." मग बुद्धप्रियाकडे वळून म्हणाल्या, "आणि दुप्पट करून देणारं कुणीच नसतं, मॅडम. कुठल्याच नावाचं."

"मी तर गणितच शिकवते," बुद्धप्रिया म्हणाली.

बाहेर पडल्यावर तिनं पर्समधून काही नोटा काढून अजिंक्यपुढं धरल्या. "निदान बहिणीच्या फॉर्मला."

तो दोन पावलं मागं सरला. "तुमी न्हाय घेतलं मॅडम. तुमी कशाला द्यायचं?" पण हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात तो बसला आणि तिच्या लक्षात आलं, ह्याला आता आपल्यावर रागवताही येत नाही आणि विश्वासही ठेवता येत नाही. तिनं नंतर दोनदा फोन केला. एकदा त्यानं उचलला, "काम चालू हाय," म्हणाला. दुसऱ्यांदा उचलला नाही.

वर्ग चालू राहिला, पण मुलं घटली. एक बाप पोरीला न्यायला आला आणि बुद्धप्रियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुमीच व्हय त्या?" तिनं व्हय म्हणावं की न्हाय, हे तिला ठरवता येईना. दिपकराव टपरीवर जायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले.

पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी जुनं पेज तिला सापडेना. उत्कर्षानं शोधून काढलं. नाव बदललं होतं, परदेशी बाईचा फोटो लागला होता, फळ्यासमोरचे सगळे व्हिडिओ आणि वर्दीतली पोरं पुसून टाकली होती. पेजला जोडलेली, ते बघणारी माणसं मात्र तीच होती, तिचीच. कुणीतरी ती माणसं कुणालातरी विकली होती. नवी मालकीण त्यांना कॉइन दुप्पट करून देणार होती.

त्याच आठवड्यात भाजी निवडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. माळशिरसकडची बाई होती, बनाबाई नावाची. मुलानं जुन्या व्हिडिओखालचा हा नंबर कधीतरी लिहून ठेवला होता म्हणाली.

"मॅडम, माज्या ल्योकानं तुमच्यावर इस्वास ठिवून पाटवलं बगा. त्यो काय बोलंना, जेवंना. ते कॉइन कवा येनार, येवडंच सांगा. म्हंजी त्येला सांगाया बरं."

बुद्धप्रियानं हातातली मेथी खाली ठेवली. ते पेज माझं नव्हतं, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं, आणि ते खरं होतं. पण पलीकडं ती बाई एवढ्या आशेनं थांबली होती, की ते वाक्य ओठांपर्यंत येऊन अडकलं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "मुलगा जवळ आहे का? त्याला आधी जेवायला बसवा. मग मी बोलते त्याच्याशी."

"बरं, बरं," बनाबाई म्हणाली. "मंग कॉइन येत्याल म्हना की."