कडा कापताना

दहावीची परीक्षा संपली त्या एप्रिलात, सत्त्याण्णव साली, मी गोखिवऱ्याला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात कामाला लागले. कॉम्प्युटर क्लासची फी स्वतः कमव, असं बाबांनी सांगितलं होतं. मीही तोऱ्यात हो म्हटलं. वर्गात पहिली येणारी सुरुची, तिला झाकणं कापायला काय लागतं!

लागतं हो. साच्यातून तेलाच्या बाटलीचं झाकण गरम बाहेर पडतं तेव्हा त्याच्या काठाला पापुद्र्यासारखं जास्तीचं प्लास्टिक चिकटलेलं असतं. ते ब्लेडनं एका ओढीत, दाब न देता काढायचं. दाब पडला की काठाला खाच पडते आणि पाणी भरून बाटली उलटी केली की ते झिरपतं. सुपरवायझर सुधाकर तसंच तपासायचा. पहिल्याच दिवशी त्यानं माझी झाकणं सगळ्यांसमोर ओतली आणि म्हणाला, शाळेत हेच शिकवतात का? पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारी उर्सुला आंटी बसायच्या, बारा वर्षांचा हात. प्रत्येकीच्या क्रेटला नावाची चिठ्ठी असे. चौथ्या दिवशी माझी चाळीसेक झाकणं पुन्हा बिघडली. आंटी पाणी प्यायला उठल्या आणि मी ती त्यांच्या क्रेटमध्ये तळाशी ढकलली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी असं करू शकते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

सुधाकरनं त्यांना फैलावर घेतलं आणि ग्राइंडरवर पाठवलं. बाद माल दळून पुन्हा दाणे करायचं ते मशीन. कान किटतात, नाकातोंडात भुकटी जाते, आणि आंटींना दमा. त्या नाकाला रुमाल बांधून कामाला लागल्या. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, सगळे माझ्याकडेच बघतायत.

तीन दिवसांनी त्यांचा खोकला थांबेचना, तेव्हा मी सुधाकरपाशी जाऊन सगळं सांगितलं. रडलेही. त्यानं आईबापावरून चार शब्द सुनावले, मला ग्राइंडरवर उभं केलं आणि आंटींना पुन्हा टेबलावर बसवलं.

सुटी झाल्यावर मी माफी मागायला गेले. आंटी म्हणाल्या, "मला त्याच दिशी कळलं होतं. तू डावखुरी, तुझा काप उलटा तिरका पडतो."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर त्यानं तुला घरी पाठवलं असतं, बाय. तू सांगितलंस म्हणून ठेवलं."

एवढं बोलून त्या सायकल घेऊन निघाल्या. मी गाळ्याच्या दाराशीच उभी राहिले. आंटी ग्राइंडरवर होत्या ते तिन्ही दिवस मी डबा आणला नव्हता, आणि दुपारी त्यांनी हाक मारली की त्यांच्याच डब्यातलं जेवले होते.