समोर कोणीच नव्हतं

श्रवण आणि वाचा उपचाराच्या शेवटच्या वर्षाला मी प्रबंधासाठी विषय घेतला: गोंगाटात माणसाचा आवाज कसा बदलतो. हजेरीला माझं ‘येस मॅडम’ पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे, त्यामुळे विषय ऐकून वर्ग हसला.

पद्धत मी फार काळजीपूर्वक आखली होती. गोंगाट खोलीत सोडायचा नाही, नाहीतर तोही रेकॉर्ड होतो. तो बोलणाऱ्याच्या बंद हेडफोनमध्ये द्यायचा. माइक डोक्याच्या पट्टीला, ओठांपासून कायम तेवढ्याच अंतरावर. आधी शांततेत, मग गोंगाटात तेच शब्द: पाट, पीठ, पूल. त्यावरून आवाजाची तीव्रता, पट्टी आणि आ, ई, ऊ एकमेकांपासून किती दूर जातात ते मोजायचं. तीन स्वर आलेखावर मांडले की त्रिकोण होतो. माणूस स्पष्ट बोलायला लागला की तो बऱ्याचदा पसरतो.

इंदिरानगरला आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सायखेड्याच्या मावशी आल्या. मी त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काचेबाहेर, स्क्रीनमागे जाऊन बसले. कोणाच्या समोर बसायचं नाही, हा त्या पद्धतीतला मला सर्वात आवडलेला भाग.

“पोरी, भिंतीला काय सांगू? तिला पीठ नको हाय, पाट नको हाय,” मावशी म्हणाल्या.

मी माइकमधून पुटपुटले, “वाचा फक्त.”

बारा जणांचं रेकॉर्डिंग झालं. सगळ्यांचा आवाज थोडा चढला, त्रिकोण मात्र जागचे हलले नाहीत. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. वेळेत गेला नाही तर अख्खं सत्र पुन्हा.

मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिले. “ही बाई बोलतेय कोणाशी?”

“कोणाशीच नाही, मॅडम.”

“आणि तू कुठे होतीस?”

“बाहेर.”

“हं. स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना की माणूस नकळत जोर लावतो. छातीतून हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात, पट्टी चढते. तेवढं तुला मिळालं. पण समोरच्याला कळावं म्हणून तोंड मोठं उघडायचं, स्वर वेगळे काढायचे, तर समोरचा हवा ना? बस आत.”

मावशी पुन्हा आल्या. आता दोघींच्या कानांत गोंगाट, दोघींच्या ओठांशी माइक. त्या शब्द सांगणार, मी लिहून घेणार, कळलं नाही तर विचारणार. नेहमीच्या आवाजात मी पहिल्यांदा विचारलं. मावशींनी हात हलवला, “काय? काय म्हणती?”

मी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. चौथ्या वेळेस, खोली आवाजबंद असूनही, शेजारच्या खोलीतली मुलगी दार उघडून बघून गेली.

मावशींचा ‘पाट’ आता चांगला तोंडभर निघाला. बाकीचे अकरा जणही पुन्हा आले. बहुतेकांचे त्रिकोण पसरले आणि प्रबंध वेळेत गेला. त्याआधी दोन दिवस मी रेकॉर्डिंगमधून एक जादा आवाज कापून काढत होते. तो पट्टी, तीव्रता, स्वर, सगळ्यांत इतरांपेक्षा वर होता. मॅडमना विचारलं, घेऊ का?

“संशोधकाचा आवाज मोजत नाहीत,” त्या म्हणाल्या.