फाशांत न आलेलं बिल

आमच्या रुग्णालयाच्या हिशेब तपासणीच्या प्रमुख बाईंना सगळे 'फासेबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या येण्याआधी दर दहावं बिल तपासलं जायचं, आणि आमचे कारकून इतके हुशार की दहावं बिल नेहमी धुतल्या तांदळासारखं निघायचं. बाईंनी तो प्रकार बंद केला. आधी महिन्याच्या बिलांची यादी पक्की करून क्रमांक घालायचे, त्यावर सह्या घ्यायच्या, आणि मगच सगळ्यांदेखत दहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. लाल शतकाचा, पांढरा दशकाचा, निळा एककाचा. यादीबाहेरचा किंवा आधी येऊन गेलेला आकडा सोडायचा; बाकी जो येईल तो घ्यायचाच. मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि मला हा सगळा पोरखेळ वाटायचा.

बाईंचा धाकटा भाऊ आमच्याच भांडारात कारकून होता. म्हणून भांडाराची बिलं त्या स्वतः बघत नसत, ती माझ्याकडे असत. त्या दिवशी यादीवर सह्या झाल्या आणि तो बाईंच्या टेबलाशी घुटमळला.

"ताई, चारशे बारा आलं, तर फासे पुन्हा टाकता येतात का गं?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

फासे टाकायला, तिऱ्हाईत म्हणून, स्वयंपाकघराची व्यवस्थापिका आली होती. लालवर चार पडला की माझी नजर पांढऱ्यावर जाई. एकदा चार पडला, पांढऱ्यावर एक पडला, आणि निळा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत जाऊन थांबला. तीन. भाऊ भिंतीला टेकला. ठरलेले तीस आकडे निघाले, त्यांत चारशे बारा नव्हतं. त्यानं कपाळ पुसलं. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. म्हातारी आई त्याच्याच घरी असते, आणि घर त्याच्याच पगारावर चालतं.

सगळे गेल्यावर बाईंनी निवडीचा कागद बंद केला. त्यात काही घुसडलं नाही. दुसरा कोरा कागद घेऊन त्यावर लिहिलं: बिल चारशे बारा, फाशांनी निवडलेलं नाही, संशयावरून वेगळी तपासणी. खाली संशयाचं कारण, भावाशी असलेलं नातं आणि स्वतःची सही. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

भाऊ अजून दारातच उभा होता. "फाशांत ते आलंच नाही, ताई."

"नाही आलं. पण तू विचारायला आलास."

मी बिल काढायला उठलो. मला बाईंचा राग आला होता, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. मागून त्यांचा आवाज आला, अगदी घरातला.

"तू घरी जा. आईला मी सांगते."