वे, नइयों आणि आठातले तीन ठोके

सुरतेतल्या आमच्या कॉलेजात वार्षिकोत्सवाचे नाच ठरायचे तेव्हा कुणाला काय येतं हे विचारायची पद्धत नव्हती. तुम्ही कुठले, एवढं पुरायचं. उधन्याहून येणाऱ्या आम्हा खानदेशी मुलींच्या वाट्याला दरवर्षी लावणी. नऊवारी भाड्याने आणा, नाकात नथ अडकवा, शिट्ट्या झेला आणि घरी जा. लावणीशी माझं काही वाकडं नाही, पण आमच्यातल्या एकीलाही ती धड येत नव्हती. आमच्या घरी लग्नात बायका नाचायच्या त्या बँडवर, डोक्यावरचा पदर सावरत.

ही नव्वदच्या दशकातली, कॅसेटच्या दिवसांतली गोष्ट. त्या वर्षी कार्यक्रम बघणाऱ्या मॅडमनी वहीतून मानही वर न करता म्हटलं, "तमारी तो लावणी ज ने?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाही मॅडम. आम्ही सहा जणी पंजाबी नाच करणार."

"पंजाबी? तमने?" त्यांनी चष्मा काढला. "कयुं गीत?"

गाण्याचं नाव मला कुठे ठाऊक होतं? मॅडमनी ते ताडलं. सोमवारी कॅसेट घेऊन या, गाणं वाजवून दाखवा, नाहीतर तुमची वेळ दुसऱ्यांना देते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाहेर आल्यावर बाकीच्या पाचजणी माझ्याकडे खाऊ की गिळू नजरेने पाहत होत्या. लावणी तरी हातची होती, आता तीही गेली, असं एकजण रडवेली होऊन म्हणाली. त्यांची वेळ माझ्या तोंडाळपणामुळे जाणार होती, म्हणजे गाणं शोधणं आता मलाच भाग होतं.

गाणं मी एकदाच ऐकलं होतं. दोनेक महिन्यांपूर्वी वडील आणि मी कामरेजला नात्यातल्या साखरपुड्याला गेलो होतो. परतताना बस मिळेना, म्हणून हायवेवरच्या धाब्यासमोर थांबलो. एक ट्रक ड्रायव्हर गाडी धूत होता आणि केबिनमधला टेप फाटेस्तोवर वाजत होता. ढोल असा, की माझी टाच आपोआप उचलली जात होती. धृपद एका बाईच्या आवाजात होतं आणि त्यातलं डोक्यात राहिलं ते एवढंच: "वे मैं नय्यो… ना, होए! नय्यो… ना, होए!" मधला शब्द गळालेला. अर्थ शून्य.

उधन्याच्या मेन रोडवर एक म्हातारे सरदारजी ट्रकवाल्यांसाठी गोंडे, आरसे, रंगीत झालरी विकायचे आणि त्याबरोबर पंजाबी कॅसेटही. रविवारी दुपारी मी तिथे जायला निघाले. आई म्हणाली, ट्रकवाल्यांच्या दुकानात एकटी जाऊ नकोस. म्हणून वडील सोबत आले. त्यांची पंचवीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेली होती. तिथे माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलतात, कारण कानाला काही लागतच नाही. त्यांच्या कानांचं मग व्हायचं ते झालं. आधी बारीक, टोकदार आवाज गेले: सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, आईची हाक. जाड आवाज तेवढे राहिले. गाणं शोधायला मी बहिऱ्या माणसाला घेऊन चाललेय, असं गल्लीतला एकजण हसत म्हणाला. मी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

नाव माहीत नाही म्हटल्यावर सरदारजी म्हणाले, "बेटी, ठेका बजाके दिखा." मी काउंटरवर टाळ्या वाजवून दाखवल्या. ते ऐकत राहिले, मग हसले. "ये तो गरबा हो गया."

आणि तो गरबाच होता! माझा जन्म सुरतेचा, नवरात्र अंगात मुरलेलं. पंजाबी ढोलाचं चलन झुलतं असतं, एक ठोका लांब, एक आखूड. हींच या सहा मात्रांच्या ठेक्यावरचा गरबाही तसाच झुलतो. त्यामुळे माझ्या हातांनी कामरेजचं ते गाणं परस्पर सहाच्या हिशोबात बसवून टाकलं होतं, तीन-तीनवर टाळी. दोन महिने मी गाणं नाही, त्याचा गरबा डोक्यात वाजवत होते. सरदारजींनी त्या मापाच्या दोन कॅसेट लावूनही दाखवल्या. दोन्ही चूक. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

वडील माझं तोंड बघत होते. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "तू चुकी राह्यनी. आठ शेतस." आणि त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा. परत एकदा, परत थांबून दोनदा. प्रत्येक फेरीत तीनच ठोके, आणि मधल्या रिकाम्या जागा त्यांचा अंगठा मोजत होता. लूमवर बसल्या जागी चार मशिनींचे ठोके वेगवेगळे ओळखणारा माणूस तो. एखादीचा ठोका पाव मात्रा घसरला तरी ते उठायचे.

सरदारजींचे डोळे चमकले. त्यांनी डाव्या हाताची मूठ केली, उजव्यात पेन्सिल घेतली आणि मला समजावलं. ढोलाला दोन तोंडं. एका बाजूला जाड, वाकडी काठी, तो डग्गा, घुमतो. दुसऱ्या बाजूला बारीक छडी, ती तिल्ली, तडतडते. मग वडिलांच्या ठोक्यांवर त्यांनी पेन्सिल चालवली आणि तोंडाने बोलत गेले: "धा ना ना ना, ना धा धा ना." आठ मात्रा. तिल्ली आठही ठिकाणी वाजते, पण डग्गा पहिल्यावर, सहाव्यावर आणि सातव्यावरच पडतो. वडिलांना तिल्ली ऐकूच येत नव्हती. त्यांच्या कानांत ढोलाचा नुसता सांगाडा उरला होता, आणि तोच बरोबर होता. मला मात्र सगळं ऐकू येत असून मी भलतंच ऐकलं होतं.

"ये चाल है," सरदारजी म्हणाले. चाल हे त्या ठेक्याचंच नाव. पण लगेच हातही झटकले. "चाल तो आधे भंगडे में है, बेटी. अब बोल सुना."

मी लाज सोडून गायले. "वे मैं नय्यो… ना, होए!" त्यांनी मला थांबवलं. "पक्का 'वे' था? 'नी' नहीं?"

पक्कं 'वे'. मग त्यांनी कॅसेटचा अर्धा ढीग सरळ बाजूला सारला. पंजाबीत पुरुष बाईला हाक मारतो तेव्हा 'नी' म्हणतो, बाई पुरुषाला हाक मारते तेव्हा 'वे'. म्हणजे धृपद बाईचं, पुरुषाला उद्देशून. आणि 'नय्यो' म्हणजे 'नइयों': नाहीच. शेवटचा 'ना' हा कुठल्यातरी क्रियापदाचं शेपूट. म्हणजे ती बाई कुणाला तरी ठणकावून सांगत होती की मी अमुक करणार नाही म्हणजे नाही. हे कळल्यावर मला ते गाणं दुप्पट हवंसं झालं.

'नइयों' असलेल्या उरल्या तीन कॅसेट. एकीत बाई होती, 'वे' होता, पण ढोलाऐवजी ढोलकी. ती गेली. दुसरी लावली आणि मी किंचाळलेच, "हेच!" 'वे मैं नइयों', चाल, 'होए', सगळं जागच्या जागी. सरदारजी म्हणाले, थांब, तिसरीतही तेच बोल आहेत, लोकगीताचे बोल दहाजण गातात. तिसरी लावली. तेही तेच वाटलं. वेगही एकच. आता? मी दोन्ही चार-चार वेळा ऐकल्या आणि काही ठरेना.

वडिलांनी स्पीकरच्या खोक्यावर तळहात सपाट ठेवला होता. ते म्हणाले, "कामरेजले गानं मधमाच बंद पडे. मंग चालू व्हये." मला आठवेना. टेप काही बंद पडला नव्हता, मी तर सलग ताल धरला होता. पण सरदारजी वाकून वडिलांच्या कानाशी आले. "कब बंद होता था?" वडिलांनी खूण केली: पुरुषांच्या जाड आवाजातलं ते 'होए' दुसऱ्यांदा झालं की एक फेरी बंद, आठ मात्रा, मग परत चालू.

सरदारजींनी दुसरी कॅसेट पुन्हा लावली. धृपद दोनदा होऊनही डग्गा चालूच राहिला. वडिलांनी मान हलवली. तिसरी लावली. दुसरं 'होए' संपलं आणि डग्गा थांबला. एक फेरीभर नुसती तिल्ली तडतडत राहिली, मग डग्गा धाडकन परत आला. त्या आठ मात्रा वडिलांच्या हाताखाली खोकं थंड होतं. त्यांना त्या दिवशी वाटलं होतं की ड्रायव्हर मध्येमध्ये टेप बंद करतोय.

"हाईच शे," ते म्हणाले.

गळालेला शब्द 'मुड़' होता. वे मैं नइयों मुड़ना. मी मागे फिरणार नाही.

सोमवारी मॅडमनी गाणं ऐकलं, अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांना नाही म्हणायला जागा उरली नाही. तीन आठवडे आम्ही सहाजणींनी एकीच्या गच्चीवर पाय आपटले. डग्ग्यावर पाय, तिल्लीवर खांदे, आणि ती रिकामी फेरी आली की जागच्या जागी उभं राहून फक्त खांदे.

वार्षिकोत्सवाच्या दिवशी पडदा उघडला आणि माइकवरच्या बाईंनी गोड आवाजात जाहीर केलं, "हवे आपणी मराठी बहेनो रजू करशे लावणी!" कदाचित जुनाच कागद वाचला असेल. शिट्ट्या सुरू झाल्या. सलवार-कमीजमध्ये आम्ही सहाजणी. टेपवाल्याचं बोट बटणावर होतं. मी त्याच्याकडे बघून हात वर केला: नको. बाकीच्या पाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि एकही हलली नाही. विंगेतून मॅडम "शुरू करो, शुरू करो" म्हणत होत्या. मी तिथूनच, माइकशिवाय, ओरडून सांगितलं की ही लावणी नाही, आधी नीट सांगा, मग नाचतो. मिनिटभर आम्ही तशाच उभ्या. लोक हसले, मग गप्प झाले. शेवटी त्या बाईंनी घसा खाकरला आणि 'पंजाबी नृत्य' म्हटलं. तेव्हा मी हात खाली केला. त्यानंतर आम्ही कशा नाचलो ते बघणाऱ्यांना विचारा.

घरी येताना मी वडिलांजवळ फुशारकीने बोलत होते, त्या एका मिनिटाबद्दल तर फारच.  उधन्याचं रेल्वे फाटक लागलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही उभ्या व्हत्यात. माले वाटनं, गानं चालू शे. नि माले आते डग्गा बी आयकू येत नही."

मी थांबले. पहिल्या रांगेत, स्पीकरजवळची जागा मीच त्यांना धरून दिली होती. ते मिनिटभर खुर्चीच्या दांड्यावर हात दाबून बसले होते. उरलेसुरले कानही गेले अशा भीतीने.  मी त्यांचा हात धरला आणि माफी मागायला तोंड उघडलं.

त्यांनी ओठांवरून ओळखलं. "माफी कसाले?" ते म्हणाले. "आजून एक मिनिट उभी राह्यती, तरी चालतं."